पन्नास कीवर्ड मागितले, बारा ओळींचा आराखडा दिला

कुंडीतल्या झाडांविषयी मराठीत लिहिणारा एक ब्लॉग आहे. लेख ५८, वय दोन वर्षे, आणि सर्चमधून येणारे वाचक सहा महिन्यांपासून जिथल्या तिथे. ब्लॉग चालवणाऱ्या बाईंनी फ्रीलान्सरला पाठवलेली मागणी एका ओळीची: "जास्त सर्च आणि कमी कॉम्पिटिशन असलेले ५० कीवर्ड काढून द्या." प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे आणि आकडे पद्धत दिसावी म्हणून घेतलेले आहेत. अडचणी मात्र अशा कामात नेहमी येणाऱ्याच आहेत.

काम ठरवताना

ही मागणी जशीच्या तशी पुरी करणे सोपे आहे. एखाद्या टूलमध्ये 'मनीप्लांट' टाकायचे, आलेली यादी आकड्यांनुसार लावायची, वरच्या ५० ओळी कापून पाठवायच्या. तासाभराचे काम. पण यादी हातात आल्यावर बाईंनी करायचे काय? त्यातल्या सात-आठ ओळींचा अर्थ एकच असणार, दहा-बारा विषयांवर ब्लॉगवर आधीच लेख असणार, आणि काही शब्दांवर दुकानांची पानेच वर येत असल्यामुळे तिथे ब्लॉगचा लेख चालणारच नाही. यातले काहीच यादीत दिसत नाही.

म्हणून पहिल्या बोलण्यात कीवर्डचा विषय बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारल्या. ब्लॉगला पैसे कशातून मिळतात? उत्तर: थोडे जाहिरातींतून, थोडे कुंड्या-खतांच्या अ‍ॅफिलिएट लिंकमधून, म्हणजे विक्री झाली की कमिशन देणाऱ्या लिंकमधून. महिन्याला किती लेख नीट लिहून होतात? उत्तर: चार. जुने लेख बदलायची तयारी आहे का? उत्तर जरा नाराजीने आले, पण आले: हो.

चार लेख महिन्याला म्हणजे तीन महिन्यांत बारा. ५० ओळींच्या आराखड्याची शेपूट वर्षभर लोंबकळत राहिली असती. त्यामुळे करार बारा ओळींचा झाला. प्रत्येक ओळ म्हणजे एक पान आणि त्याविषयीचा एक निर्णय. नवे लिहायचे, जुने सुधारायचे की दोन एकत्र करायचे, हे त्या ओळीत ठरलेले असेल. सोबत प्रत्येक ओळीची एक पानी टिपण, एक फेरी दुरुस्ती, आणि सोपवताना तासाभराचा कॉल. क्रमांक किती वर येईल याची हमी द्यायची नाही, हे करारात लिहूनच घेतले. मोबदला कीवर्डच्या संख्येवर न ठरवता ओळींवर ठरवला. संख्येवर ठरवला की यादी फुगवण्याचा मोह होतो, आणि फुगवलेली यादी कोणीच वाचत नाही.

'कमी कॉम्पिटिशन'चा खुलासा इथेच केलेला बरा. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये त्या नावाचा जो रकाना दिसतो तो जाहिरातदारांमधल्या चुरशीचा असतो. सर्चमध्ये लेख वर येणे किती अवघड आहे, हे तो सांगत नाही. ज्या शब्दावर जाहिरात देऊन काही विकता येत नाही तिथे हा रकाना कमीच दाखवणार, मग पहिल्या पानावर कितीही भक्कम साइट बसलेल्या असोत.

आधी स्वतःच्या ब्लॉगचा डेटा

नवे शब्द शोधण्यापूर्वी सर्च कन्सोल, म्हणजे आपला ब्लॉग गूगल सर्चमध्ये कसा दिसतो हे दाखवणारे गूगलचे साधन, उघडायचे. बाईंनी फ्रीलान्सरला `Restricted` प्रकारची परवानगी दिली. डेटा पाहायला ती पुरते, आणि सेटिंग चुकून बदलण्याची भीतीही राहत नाही. अहवालात जास्तीत जास्त मागचे १६ महिने मिळतात. या प्रकरणात शेवटचे सहाच महिने घेतले, कारण त्याआधी ब्लॉगवर निम्मेच लेख होते. स्क्रीनवरून एक्स्पोर्ट केल्यावर हजारच ओळी येतात, हे लक्षात ठेवून लेखांच्या गटागटाने फिल्टर लावून वेगवेगळे एक्स्पोर्ट काढले.

प्रश्नार्थक शोध वेगळे काढायला रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे अक्षरांचा साचा सांगणारा, फिल्टर लावला जातो. मराठीत तो लावताना एक खड्डा आहे. फिल्टरमध्ये नुसते 'का' लिहिले तर 'काळजी', 'कापणे', 'काळी माती' सगळे आत येते. इंग्रजीत अशा वेळी `\b` वापरून शब्दाची सीमा सांगतात, पण सर्च कन्सोलच्या पद्धतीत ती खूण देवनागरी अक्षरे ओळखत नाही. त्यामुळे मोकळी जागा किंवा ओळीचे टोक स्वतःच सांगावे लागते:

```
(^|\s)(का|कसे|कसा|कशी|किती|कधी|केव्हा)(\s|$)
```

दुसरा खड्डा लिपीचा. मराठी वाचणारी माणसे शोधताना सर्रास रोमन लिपीत टाइप करतात: `money plant pane pivali ka padtat`. देवनागरीतही 'मनीप्लांट' आणि 'मनी प्लांट', 'पाने' आणि 'पानं' असे दोन-दोन प्रकार येतात. हे सगळे शोध एकाच माणसाच्या एकाच गरजेचे आहेत. त्यामुळे शीटमध्ये 'मूळ रूप' असा एक जादा रकाना करून प्रत्येक प्रकार त्याखाली नेला. हे हाताने करावे लागते आणि कंटाळवाणे आहे, पण न केल्यास प्रत्येक शोध चार तुकड्यांत विभागून चारही ठिकाणी क्षुल्लक दिसतो.

आकडे वाचताना दोन ठिकाणी गफलत होते. सरासरी क्रमांक ८ दिसला म्हणजे लेख आठव्या जागी आहे असे नसते. काही वेळा तिसरा आणि काही वेळा तिसावा, असे मिळूनही तो आकडा बनतो. त्याहून मोठी गफलत इम्प्रेशनची. इम्प्रेशन मोजले जाते ते निकाल वाचणाऱ्यासमोर आला तर. लेख पस्तिसाव्या जागी असेल तर तिथवर फारसे कोणी जातच नाही, म्हणून इम्प्रेशन नगण्य दिसतात आणि मागणीच नाही असे वाटते. म्हणून पहिल्या वीस जागांच्या आतल्या शोधांसाठी इम्प्रेशन हा पुरावा धरला. त्यापलीकडच्या शोधांसाठी फक्त 'शोध होतो' एवढेच त्यातून घेतले.

या तपासणीतून पहिला ठोस माल हाती आला. पाने पिवळी पडण्याविषयीच्या शोधांवर ब्लॉगचे दोन लेख आलटून-पालटून दिसत होते: एक खास त्याच विषयावरचा, दुसरा 'मनीप्लांटची संपूर्ण काळजी'. शोधाचा फिल्टर लावून पानांचा तक्ता पाहिला आणि दोन्ही पानांची तारखांनुसार तुलना केली, तर कधी हे पान वर, कधी ते. दोन्ही नऊ ते पंधरा या पट्ट्यात अडकलेली. दोन पाने एका शोधावर दिसणे हा आपोआप दोष ठरत नाही. इथे मात्र दोघांत एकच मजकूर होता, 'संपूर्ण काळजी'तला तो भाग तर जवळपास उतरवून काढलेला. आणखी एका विषयात, कलमांच्या बाबतीत, दोन छोटे लेख एकमेकांची नक्कलच होते.

हेतू वाचणे

बाहेरून शब्द गोळा करण्याचे काम फार वेळ खात नाही. सर्च बॉक्समधल्या सूचना, निकालांमध्ये येणारे 'लोक हेही विचारतात' छापाचे प्रश्न, कीवर्ड प्लॅनर, आणि ब्लॉगवर वाचकांनी विचारलेले प्रश्न मिळून ३४० शब्दसमूह झाले. रूपभेद एकत्र केल्यावर आणि विषयाबाहेरचे काढल्यावर सुमारे १२० उरले. त्यातले उघड जोडीचे सोडून ६० शब्दसमूहांचे निकाल प्रत्यक्ष उघडून वाचले. एका शोधाला सहा मिनिटे धरली तर हे सहा तासांचे काम आहे, आणि संपूर्ण सेवेचा जीव याच सहा तासांत आहे. खाजगी विंडोमध्ये पाहिले तरी ठिकाणानुसार निकाल बदलतात, म्हणून वाचक जिथले आहेत ते ठिकाण धरूनच पाहावे लागते.

हेतूचे ठरलेले प्रकार सगळ्यांना पाठ असतात. अँड्रे ब्रोडर यांनी २००२ साली वेब शोधांचे तीन प्रकार मांडले: माहितीसाठीचे, विशिष्ट साइटवर पोहोचण्यासाठीचे आणि काही व्यवहार करण्यासाठीचे. पुढे या धंद्यात 'खरेदीपूर्वीची तुलना' हा चौथा कप्पा रूढ झाला. झाडांच्या ब्लॉगसाठी हे कप्पे फारसे कामाचे नाहीत. ६० पैकी ४५ पुढे 'माहिती' असे लिहिले तर त्यातून लेख कसा असावा याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी शीटमध्ये प्रत्येक शोधापुढे एक वाक्य लिहिले: शोधणाऱ्याची आत्ताची अडचण काय, आणि पान वाचून तो काय करणार.

'मनीप्लांटची पाने पिवळी का पडतात' हा शोध घ्या. वरच्या निकालांतली बहुतेक पाने कारणांच्या यादीची होती. शोधणाऱ्यापुढे मात्र एकच झाड आहे आणि त्याला आपल्या झाडाचे कारण ओळखायचे आहे. म्हणून वाक्य असे झाले: 'झाड समोर आहे, पाने पिवळी आहेत, खालची की वरची, माती ओली की कोरडी हे पाहून कारण ठरवायचे आणि आजच एक बदल करायचा.' या वाक्यातून लेखाचा सांगाडा आपोआप मिळतो: लक्षणांवरून कारणाकडे नेणारा तक्ता सगळ्यात वर, सविस्तर माहिती त्याखाली.

'मनीप्लांट पाण्यात कसे लावावे' या शोधावर वरच्या जागांवर व्हिडिओ आणि फोटोंचे पट्टे होते. इथे माणसाला काप नेमका कुठे घ्यायचा हे बघायचे आहे. मुळे गाठीपासून फुटतात, त्यामुळे गाठ कोणती हे फोटोत दाखवले नाही तर हजार शब्द लिहूनही उपयोग नाही. ही ओळ आराखड्यात ठेवली, पण 'सहा फोटो नसतील तर हा लेख करू नये' अशा अटीवर.

बाईंचा आवडता शब्द होता 'कुंडीची माती'. प्लॅनरमध्ये आकडाही बरा होता. निकाल उघडले तर दहापैकी सात पाने मातीच्या पिशव्या विकणारी. लोक तिथे विकत घ्यायला येतात असे सर्च इंजिनाने वाचकांच्या वागण्यावरून धरलेले आहे, आणि त्याच्याशी एका लेखाने भांडून फायदा नसतो. 'कुंडीसाठी माती घरी कशी तयार करावी' या शोधावर मात्र सगळी पाने कृतीची होती. आकडा लहान, पण जागा ब्लॉगची. यादीत हाच गेला. नुसता 'मनीप्लांट' हा शब्दही वगळला. त्यावर दुकान, फोटो, माहितीकोश आणि झाड घरात कोणत्या दिशेला ठेवावे हे सांगणारी पाने असा मिश्र बाजार होता. इतके वेगवेगळे हेतू एका पानाने भागत नाहीत.

गट बांधणे

कोणते शब्द एका पानावर जातील हे अर्थावरून ठरवायला गेले की वाद होतात. निकालांवरून ठरवले की वाद कमी होतात. दोन शोधांच्या पहिल्या दहा निकालांत चार किंवा अधिक पाने तीच असतील तर एक पान पुरते, अशी मर्यादा इथे धरली. हा चारचा आकडा कुठला नियम नाही. तीन धरले तर गट मोठे होतात, पाच धरले तर सुटे पडतात.

'पाने पिवळी का पडतात' आणि 'पाने पिवळी उपाय' यांच्यात सहा पाने सामाईक निघाली, म्हणून एक गट. 'पानांची टोके करपणे' यात एकच सामाईक, म्हणून वेगळे पान. 'किती पाणी द्यावे' यात दोन. हे सीमेवरचे प्रकरण. पिवळ्या पानांचे एक नेहमीचे कारण जास्त पाणी हेच असते, म्हणून एकत्र करावेसे वाटते. पण पाण्याबद्दल विचारणाऱ्याचे झाड कदाचित ठणठणीत आहे, त्याला फक्त वेळापत्रक हवे आहे. पाने वेगळी ठेवली आणि दोन्हीकडून एकमेकांना लिंक देण्याची नोंद केली.

असे ३१ गट झाले. त्यांतून बारा निवडताना गणिती सूत्र वापरले नाही. जिथे ब्लॉग आधीच आठ ते वीसच्या पट्ट्यात आहे ते आधी, कारण तिथे लेख सुधारून फरक लवकर कळतो. नंतर असे शोध, ज्यांच्या निकालांत छोटे ब्लॉग किंवा जुने, अर्धवट मजकूर वर दिसतात. शेवटी अ‍ॅफिलिएट लिंकला जागा देणारे दोन विषय, कारण ब्लॉगचे उत्पन्न त्यातून येते. टूलमधल्या 'डिफिकल्टी' आकड्याला इथे फार वजन दिले नाही. असा आकडा बहुधा वरच्या पानांना मिळालेल्या बाहेरच्या लिंकवरून काढतात, प्रत्येक टूलचा वेगळा येतो, आणि पानावरचा मजकूर कच्चा आहे की पक्का हे त्यात दिसत नाही.

सोपवलेला आराखडा

शेवटची वाटणी अशी झाली: पाच जुने लेख सुधारायचे, कलमांवरच्या दोन लेखांचे एक पान करायचे, सहा नवे लिहायचे. शीटमध्ये मुद्दाम सातच रकाने ठेवले: क्रम, मुख्य शोध, सोबतचे शोध, हेतूचे वाक्य, पानाचा प्रकार, निर्णय आणि जुन्या पानाचा पत्ता, कोणत्या महिन्यात. सर्चचा आकडा त्या शीटवर नाही, तो दुसऱ्या टॅबमध्ये आहे. पहिल्या टॅबवर ठेवला की मालकाची नजर तिथेच जाते आणि क्रम पुन्हा आकड्यांवर लागतो.

पिवळ्या पानांच्या ओळीची टिपण उदाहरणादाखल अशी होती. जुना खास लेख ठेवायचा, पत्ता बदलायचा नाही. 'संपूर्ण काळजी'मधला पिवळ्या पानांचा भाग तीन वाक्यांवर आणायचा आणि खास लेखाकडे लिंक द्यायची. लेखाच्या सुरुवातीला लक्षणांचा तक्ता: खालची जुनी पाने पिवळी आणि माती ओली, माती कोरडी आणि पाने मलूल, फक्त एखादे जुने पान पिवळे, नुकतीच कुंडी बदललेली. प्रत्येक ओळीला कारण आणि पहिला उपाय. त्यानंतर मातीत बोट घालून ओल तपासण्याचा परिच्छेद, मुळे कुजली आहेत का हे पाहण्याचा परिच्छेद. काय घालायचे नाही हेही लिहिले: झाडाचा इतिहास, प्रजातींची यादी, खतांची जाहिरात. शब्दसंख्या मुद्दाम लिहिलेली नाही.

कलमांच्या दोन लेखांसाठी टिपण आणखी लहान: ज्याला जास्त क्लिक आणि बाहेरच्या लिंक आहेत तो ठेवा, दुसऱ्यातला उपयोगी मजकूर त्यात आणा, दुसऱ्याचा पत्ता ३०१ रीडायरेक्टने कायमचा पहिल्याकडे वळवा, आणि इतर लेखांतल्या लिंकही थेट पहिल्याकडेच करा.

कॉलवर अपेक्षेप्रमाणे हरकत आली: "बारापैकी चार शोधांचा सर्च टूलमध्ये शून्य दिसतोय." उत्तर देताना बाईंच्याच सर्च कन्सोलमधल्या ओळी दाखवल्या. त्या चारपैकी तीन शोधांवर सहा महिन्यांत इम्प्रेशन नोंदलेली होती, आणि चौथा सर्च बॉक्सच्या सूचनांत येत होता. जाहिरात न चालवणाऱ्या खात्याला प्लॅनर मोठमोठ्या पट्ट्यांत आकडे देतो, आणि मराठीतल्या लांब शोधांपुढे बहुतेकदा काहीच नसते. हे पटले. एक ओळ मात्र बाईंच्या म्हणण्यावरून बदलली: एका झाडाचा लेख यादीत होता, पण ते झाड त्यांनी कधी लावलेलेच नव्हते. ती काढून तेराव्या गटाला वर घेतले.

दहा आठवड्यांनंतरची तपासणी

तपासणी करारात होती, आणि ती आधी करण्यात अर्थ नव्हता. सुधारलेल्या पाचपैकी पिवळ्या पानांचा लेख वर सरकला आणि त्या शोधांवर पाने आलटून-पालटून दिसणे थांबले. दोन ओळी अडकल्या, आणि त्या दोघींची कारणे वेगळी होती.

'कमी उजेडात वाढणारी झाडे' या नव्या लेखाची इम्प्रेशन वाढत होती, पण क्रमांक बारा-चौदाच्या पुढे येत नव्हता आणि क्लिक जवळपास नव्हत्या. हे हेतू चुकल्याचे नेहमीचे लक्षण: सर्च इंजिनाला विषय कळला आहे, पण पान अपेक्षित प्रकारचे वाटत नाही. लेख उघडून पाहिला. टिपणात 'झाडांची यादी सुरुवातीलाच' असे होते, आणि बाईंनी मात्र प्रकाशसंश्लेषणावर सहा परिच्छेद लिहून मग यादी सुरू केली होती. यादी वर आणली, प्रत्येक झाडापुढे किती उजेड चालतो आणि पाणी किती दिवसांनी ते लिहिले, आणि ते सहा परिच्छेद एकावर आणून खाली टाकले. शीर्षकही बदलले, कारण त्यात 'प्रकाशाचे महत्त्व' असे शब्द होते.

दुसऱ्या ओळीवर, माती तयार करण्याच्या लेखावर, इम्प्रेशनच शून्य होती. अशा वेळी हेतूचा विचार करत बसू नये. आधी सर्च कन्सोलच्या `URL Inspection` मध्ये पत्ता टाकून पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलने नोंदवलेल्या पानांच्या साठ्यात, आहे का ते पाहावे. पान तिथे नव्हतेच. मसुदा लपवायला लावलेली `noindex` खूण प्रकाशित करताना तशीच राहिली होती. ती काढली, इंडेक्ससाठी विनंती टाकली, आणि त्या ओळीपुढे शीटमध्ये नवी तारीख घालून तिची मोजणी तिथून सुरू केली.